एकाच खोलीत घडणारी कथा: पात्रं वेटिंग रूममध्ये बसलीत, पण गोष्ट बाहेर पळतेय

अबोली

गेले दोन महिने एका कथेवर अडकले आहे. सगळी कथा रेल्वेच्या वेटिंग रूममध्ये घडवायची, एकदाही दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं ठरवून लिहायला बसले. साठीच्या आसपासचं जोडपं आहे. दिवसभर परगावी मोठ्या डॉक्टरांकडे होतं, आता रात्री परतीच्या गाडीची वाट बघतंय. नवऱ्याच्या तपासणीचा रिपोर्ट बायकोच्या पिशवीत आहे. त्यात काय आहे हे तिला कळलंय, त्याला नाही. गाडी यायच्या आत त्याला सांगायचं की नाही, एवढीच गोष्ट.

पहिला खर्डा ३,२०० शब्दांचा झाला. मैत्रिणीला वाचायला दिला. ती म्हणाली, "चांगली आहे गं, पण ही वेटिंग रूममध्ये घडतच नाही." आधी राग आला, मग मोजून पाहिलं. डॉक्टरांच्या केबिनमधला प्रसंग ९०० शब्द, लग्नानंतरची पहिली वर्षं ४००, मुलाशी झालेलं भांडण ३५०. म्हणजे १,६५० शब्द, निम्म्याहून जास्त कथा खोलीच्या बाहेर. आणि खोलीत उरलं काय? ती बसली आहे, शून्यात बघते आहे, तिला आठवतं आहे. "तिला आठवलं" हे दोन शब्द सहा वेळा आलेत.

फ्लॅशबॅक न वापरता वाचकाला मागचं कसं कळवायचं? की इतकं मागचं असलेली कथा एका खोलीत मावतच नाही?

पाऊलवाट

वेटिंग रूम हे ठिकाणच इतकं बोलकं आहे की नुसत्या वर्णनाने कथा उभी राहू शकते. मी एकदा तीन तास बसून सगळं टिपून घेतलं होतं. पंख्याचा आवाज, फरशीवरचे ओले पाय, सामानाला टेकून झोपलेली माणसं, घोषणेआधीची ती खरखर. तुमच्या कथेत असं वर्णन किती आहे? पहिली दोन पानं फक्त खोलीला द्या, वाचक आपोआप आत येऊन बसेल.

अबोली

धन्यवाद पाऊलवाट. पण वर्णन भरपूर आहे, माझी अडचण ती नाही. वर्णन संपतं, पात्र विचार करायला लागतं आणि मी त्याच्या मागे मागे खोलीबाहेर निघून जाते. अडचण तिथे आहे.

त्रिज्या

याचं उत्तर फार पूर्वी देऊन झालंय. अॅरिस्टॉटलने स्थळ, काळ आणि कृती अशा तीन एकता सांगितल्या आहेत. एक जागा, एक दिवस, एक घटना. तुम्ही जागा एक ठेवली, पण काळ मोकळा सोडला, म्हणून कथा पसरली. काळही बांधून टाका. गाडी यायला पन्नास मिनिटं आहेत असं धरा आणि त्या पन्नास मिनिटांच्या बाहेरचा एकही क्षण लिहू नका.

पानगळ

त्रिज्या, सल्ला उपयोगाचा आहे, पण तो अॅरिस्टॉटलच्या खात्यावर घालता येत नाही. त्याचा सगळा भर कृतीच्या एकतेवर होता. काळाबद्दल तो एवढंच म्हणतो की शोकांतिका शक्यतो सूर्याच्या एका फेरीत बसवण्याकडे कल असतो. स्थळाच्या एकतेचा नियम त्याच्याकडे नाहीच. तो १५७० मध्ये कास्तेलवेत्रो या इटालियन भाष्यकाराने मांडला आणि पुढे सतराव्या शतकातल्या फ्रेंच नाटकवाल्यांनी कडक केला.

फरक पडतो तो असा. त्या नियमामागचं कारण रंगमंच होतं. प्रेक्षक एका जागी बसलेला आहे, समोरची जागा क्षणात बदलली तर त्याला ते पटणार नाही, असा युक्तिवाद होता. कथेच्या वाचकाला ही अडचण नसते. तो एका वाक्यात कुठूनही कुठे जातो. त्यामुळे कथेत जागा एक ठेवायची तर "नियम आहे म्हणून" हे कारण पुरत नाही. याच लोकांची ही गोष्ट इतर कुठे झाली असती तर वेगळी झाली असती, असं काहीतरी त्या खोलीत असायला हवं. अबोली, तुमची कथा दवाखान्याबाहेरच्या बाकावर घडली असती तर काय बदललं असतं?

अबोली

प्रामाणिक उत्तर द्यायचं तर आत्ता काहीच बदललं नसतं. खोलीत घड्याळ आहे आणि गाडी उशिरा येते, एवढाच फरक.

विंगेतून

पंचवीसेक वर्षं एकांकिका बसवतो आहे, म्हणजे एकच नेपथ्य हे माझं रोजचं काम. पानगळ यांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय, तिथूनच पुढे जातो.

अबोलीताई, एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तुमच्या खोलीचा नकाशा काढा. वरून बघितल्यासारखा. दार कुठे, बाक कुठे, घड्याळ कोणत्या भिंतीवर, स्वच्छतागृहाचं दार कुठे, गाड्यांचा फलक खोलीत आहे की बाहेर फलाटावर. मग दोन नाणी घ्या, एक तो आणि एक ती. तुमचा खर्डा परिच्छेदागणिक वाचत जा आणि नाणी हलवत जा. माझा अंदाज असा की नाणी पहिल्या पानावर बाकावर बसतील आणि शेवटच्या पानावरच उठतील. तालमीत असं झालं की मी लेखकाला थांबवतो. पात्रं एक एक पान हलत नसतील तर खोली पाठीमागच्या पडद्यासारखी लटकते आहे, तिचा त्या माणसांना कुठेच अडसर होत नाही.

नकाशा झाला की दुसरी गोष्ट. वेटिंग रूममधले बाक बहुधा भिंतीला लागून असतात, एका रांगेत. म्हणजे तुमचं जोडपं समोरासमोर नाही, शेजारी शेजारी बसलंय आणि दोघंही समोरच्या भिंतीकडे बघतायत. ही फार मोठी गोष्ट आहे. घरी जेवताना ती त्याच्यापासून तोंड लपवू शकली नसती. इथे खोटं बोलायला तिला मान वळवावी लागत नाही, आणि तिच्याकडे बघायचं तर त्याला मुद्दाम वळावं लागेल. सगळ्या कथेत तो असा फक्त एकदा वळला, तर तो क्षण केवढा होईल बघा. दवाखान्याच्या बाकावरही शेजारीच बसले असते, हे खरं. पण तिथून उठून जाता येतं. इथे गाडी येईपर्यंत जाता येत नाही, आणि गाडी आली की सांगायची वेळ निघून जाते.

तिसरं, खोलीत अशी एखादी वस्तू ठेवा जी एकच आहे आणि दोघांना हवी आहे. माझ्या एका तरुण लेखकाने मोबाइल चार्ज करायचं सॉकेट ठेवलं होतं. सगळ्या खोलीत चालू असलेलं एकच. त्यामुळे अनोळखी माणूस पात्राच्या अगदी जवळ येऊन बसायला कारण मिळालं आणि कुणालाही ते ओढूनताणून आणलेलं वाटलं नाही. तुमच्या कथेत रिपोर्टचं पाकीट पिशवीत आहे. पिशवी सॉकेटच्या समोर ठेवली आहे असं धरा. कुणीतरी वायर घेऊन येतं, पिशवी सरकवावी लागते. कोण सरकवतं?

फ्लॅशबॅकचा मुद्दा यात आपोआप येईल असं वाटतं. केबिनमधल्या ९०० शब्दांतून वाचकाला हवं असलेलं एकच वाक्य कोणतं, ते आधी काढा.

चौकट

माझा अनुभव थोडा वेगळा आहे, शॉर्टफिल्मचा. बारा मिनिटांची फिल्म, पूर्ण एका खोलीत, कारण दुसरं लोकेशन परवडणारं नव्हतं. शूटिंगला मजा आली. एडिटला बसलो तेव्हा चौथ्या मिनिटाला दम कोंडायला लागला, आणि तो कथेमुळे नव्हे, कंटाळ्याने. सगळे कोन पहिल्या तीन मिनिटांतच वापरून टाकले होते.

मग कुणीतरी '१२ अँग्री मेन' परत बघायला सांगितला. १९५७ चा, सिडनी लुमेटचा. सुरुवातीचा आणि शेवटचा थोडा भाग सोडला तर जवळजवळ सगळा ज्युरीच्या खोलीत आहे. त्यात लुमेटने लेन्स बदलत नेली आहे. सुरुवातीला रुंद लेन्स आणि कॅमेरा डोळ्यांच्या वर. मग हळूहळू लांब लेन्स, त्यामुळे भिंती माणसांच्या जवळ सरकल्यासारख्या वाटतात. शेवटच्या भागात कॅमेरा डोळ्यांच्या खाली, छत दिसायला लागतं. खोली तीच, पण लहान होत जाते. माझी फिल्म परत शूट करणं शक्य नव्हतं, ती तशीच राहिली.

कथेत याला काही पर्याय आहे का? मला खरंच माहीत करून घ्यायचंय.

पानगळ

आहे. निवेदक काय काय टिपतो, तीच कथेची लेन्स. सुरुवातीला खोलीतली सगळी माणसं, दोन्ही दारं, घोषणा, फलक हे सगळं येऊ द्या. मध्यावर फक्त बाक. शेवटाकडे पिशवीची चेन, तिची बोटं, त्याच्या चपलेचा अंगठा. खोली लहान झाली असं कुठेही लिहायला लागत नाही. उलटं केलं तर बिघडतं. शेवटाजवळ अचानक पंखा आणि भिंतीचा रंग आला की वाचकाला कळतं, लेखकाला पुढे काय लिहावं ते सुचत नाहीये.

पाऊलवाट, म्हणून ती दोन पानं वर्णनाची मला धोक्याची वाटतात. सगळी खोली सुरुवातीलाच संपवली तर पुढे दाखवायला काय उरलं?

पाऊलवाट

हे पटलं. मी वर्णन आणि मांडणी यांत गल्लत केली.

रानवारा

सगळे फ्लॅशबॅकच्या मागे का लागलात? माणूस वेटिंग रूममध्ये करतो काय? आठवतच बसतो. शरीर खोलीत आणि मन बाहेर, हीच तर त्या जागेची खरी अवस्था. आठवण काढून टाकली तर वेटिंग रूम आणि बसथांबा यांत फरक राहणार नाही. मी तर म्हणेन की ४०० शब्द लग्नाचे ठेवा.

विंगेतून

रानवारा, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि मी आठवणीच्या विरोधात नाही. पण आठवणीला किंमत हवी. माणूस आठवणीत जातो तेव्हा खोलीतला वेळ थांबत नाही. अबोलीताईंच्या खर्ड्यात ती सहा वेळा आठवणीत जाते आणि सहाही वेळा परत येते तेव्हा खोली जशीच्या तशी असते, असं त्यांच्या सांगण्यावरून वाटतं. जणू कुणी स्विच बंद केला होता. तिथे वाचकाचा खोलीवरचा विश्वास उडतो.

ती मुलाच्या भांडणात रमली, भानावर आली आणि बघते तर शेजारी तो नाही. पिशवीही नाही. आता त्या आठवणीने तिचं काहीतरी नेलं. पिशवी घेऊन तो कुठे गेला, उघडली का, हे तिला कळत नाही, आपल्यालाही नाही. मग ती आठवण ३५० शब्दांची असो की ३५, ती खोलीतली घटना झाली.

परीक्षा साधी आहे. आठवण जिथून सुरू होते ती खोलीतली वस्तू आणि जिथे संपते तेव्हाची खोली, दोन्ही लिहून काढा. दोन्हींत काही बदललं नसेल तर ती आठवण लेखकाने माहिती द्यायला घातलेली आहे.

रानवारा

"आठवणीला किंमत" हे मान्य. पण प्रत्येक वेळी काहीतरी हरवलंच पाहिजे, हा नियम झाला तर तोही तिसऱ्या वेळी वाचकाच्या लक्षात येईल. एखादी आठवण फुकट असू द्यावी असं मला अजूनही वाटतं.

पानगळ

मागचं एका ओळीत कसं येतं याचा एक नमुना सांगते. हेमिंग्वेची 'हिल्स लाइक व्हाइट एलिफंट्स', १९२७ ची. दीड हजार शब्दांच्या आसपास. एक पुरुष, एक मुलगी, रेल्वे स्टेशन, गाडी यायला चाळीस मिनिटं. दोघं कशाबद्दल वाद घालतायत तो शब्द कथेत एकदाही येत नाही. फ्लॅशबॅक एकही नाही. दोघांचं मागचं आयुष्य कुठे आहे, तर सामानावर. तो बॅगांकडे बघतो आणि त्यांवर, जिथे जिथे दोघांनी रात्री काढल्या त्या सगळ्या हॉटेलांची लेबलं आहेत. एवढंच. किती दिवस एकत्र आहेत, कसं जगतायत, घर का नाही, सगळं त्या लेबलांत आलं.

आणि विंगेतून यांचं नाण्यांचं तंत्र तिथेही लागू पडतं. दोघं बराच वेळ टेबलाशी बसून आहेत. शेवटाजवळ तो त्या जड बॅगा उचलून स्टेशनच्या दुसऱ्या बाजूच्या रुळांकडे ठेवून येतो. कथेतली सगळ्यात मोठी हालचाल ती, आणि हलवतो काय, तर तेच लेबलांचं सामान.

अबोली, तुमच्या पाकिटावर काय आहे?

अबोली

सगळ्यांचं वाचून नकाशा काढला. विंगेतून, तुमचा अंदाज बरोबर निघाला. नाणी दुसऱ्या परिच्छेदात बाकावर बसली आणि शेवटच्या परिच्छेदात उठली. मधे तो एकदा फलक बघायला जातो, पण तेव्हाही मी तिच्या आठवणीत होते, त्यामुळे तो कधी गेला आणि कधी आला हे मलाच माहीत नव्हतं.

केबिनच्या ९०० शब्दांतलं एक वाक्य काढायला दोन दिवस लागले. ते असं निघालं: डॉक्टरांनी तो शब्द तिला एकटीला सांगितला, तेव्हा तो आत शर्टाची बटणं लावत होता. मग पाकिटाकडे बघत बसले. डॉक्टरांनी ते स्टेपल करून दिलंय असं आधीच्या खर्ड्यात सहज लिहून गेले होते. तिथून पुढचं सुचलं. नवा भाग टाकते.

तो फलक बघायला गेला. काचेतून त्याची पाठ दिसत होती. तिने पाकीट बाहेर काढलं आणि नखाने पिन उचकटली. आतले कागद तिला कळणारे नव्हते. तिला एकच शब्द हवा होता, दुपारी ऐकलेला. तिसऱ्या पानावर तळाला सापडला. तो परत वळला तेव्हा पाकीट पिशवीत होतं.

"अजून चाळीस मिनिटं," तो म्हणाला आणि बसला.

एक मुलगी हातात वायर घेऊन आली. "काकू, प्लग तुमच्या मागे आहे." ती हलायच्या आत त्याने पिशवी उचलून आपल्या पायांशी घेतली. पाकिटाचा कोपरा वर आला.

"याची पिन कुठे गेली?"

"कशाची?"

"पाकिटाची. मारून दिली होती ना त्यांनी."

"सुटली असेल."

त्याने पाकिटाचं तोंड दुमडलं आणि आत सरकवलं. तिची उजवी मूठ मांडीवर मिटलेली होती. मुलीच्या मोबाइलचा दिवा लागला.

विंगेतून

केबिन गेली! ९०० शब्दांचं काम "दुपारी ऐकलेला" या दोन शब्दांनी केलं. आणि "सुटली असेल" मधलं खोटं तिने त्याच्याकडे न बघता बोललंय, हे बाकामुळे आपोआप येतंय, तुम्हाला लिहावं लागलं नाही.

दोन शंका. एक, मूठ मिटलेली आहे हे दाखवलंत, आता पुढे कुठेही "पिन टोचत होती" असं लिहू नका. दोन, "काचेतून त्याची पाठ दिसत होती" म्हणजे त्यालाही काचेतून ती दिसू शकते. त्याने पाहिलं की नाही, हे तुम्ही ठरवलंय का? वाचकाला सांगू नका, पण तुम्हाला माहीत पाहिजे, कारण पिनेचा प्रश्न तो कशासाठी विचारतो ते त्यावर ठरतं.

चौकट

काचेचं मला फार आवडलं. बाहेर रात्र आणि आत दिवे, म्हणजे आतून बघणाऱ्याला काचेत बाहेरच्यापेक्षा आतलंच प्रतिबिंब जास्त दिसणार. फलाटावर दिवे असतील तर पाठ दिसेल, पण पुसट. मात्र बाहेरून आत बघणाऱ्याला सगळं स्वच्छ दिसतं. म्हणजे त्याने पाहिलं असण्याची शक्यता तिच्या कल्पनेपेक्षा जास्त आहे.

अबोली

बापरे. हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मग त्याने पाहिलंय. आणि तो तिला सांगायची संधी देतोय. पिनेबद्दल विचारणं म्हणजे तीच संधी. आता सगळा उत्तरार्ध बदलावा लागेल, पण बदलायला आवडेल.

त्रिज्या

गाडीच्या उशिराचं काय? मी पन्नास मिनिटं म्हटलं होतं, तुम्ही चाळीस केलीत. घोषणा किती वेळा येते? माझ्या मते दर दहा मिनिटांनी घोषणा आली की ताण वाढत जाईल.

विंगेतून

त्रिज्या, दर दहा मिनिटांनी नको. घोषणा म्हणजे घड्याळ, आणि घड्याळ सारखं वाजत राहिलं की ऐकू येईनासं होतं. मी दोनदाच वापरेन. पहिल्यांदा उशीर वाढल्याची. तिला हायसं वाटतं, सांगायला अजून वेळ मिळाला म्हणून, आणि हायसं वाटल्याची तिला लाज वाटते. म्हणजे तो उशीर कथेसाठी काहीतरी करतो. दुसऱ्यांदा गाडी येत असल्याची. आणि ती आधी सांगितलेल्या वेळेच्या आत यावी. उशीर कमी होऊ शकतो हे वाचकाला माहीत असतं, तरी तो ते विसरलेला असतो. उशिराची घोषणा होऊनही कुणाचं काहीच बदललं नाही, तर लेखकाला अजून दोन पानं हवी होती एवढंच त्यातून कळतं.

रानवारा

मुलाचा फोन येऊ द्या ना. ३५० शब्दांचं भांडण त्यात जाईल. "काय म्हणाले डॉक्टर?" हे विचारायला मुलगा फोन करणारच, नाही केला तर खोटं वाटेल.

पानगळ

फोनबद्दल माझा विरोध आहे. फोन म्हणजे मागचं दार. पलीकडचा आवाज ऐकू आला की आपण त्या मुलाच्या घरात गेलो. एका जागेची कथा लिहायची तर फोन बंद, हवं तर बॅटरी संपलेली. सॉकेट आहेच.

रानवारा

बॅटरी संपणं ही लेखकाची सोय झाली, आणि वाचकाला ती दिसते. त्यापेक्षा फोन येऊ द्या आणि फक्त अलीकडचं बोलणं लिहा. "हो... हो... तेच ते, गोळ्या बदलल्यात... नाही रे, बाबा इथेच आहेत." शेजारी बसलेला तो हे ऐकतोय. मुलाशी बोललेलं प्रत्येक वाक्य त्यालाही लागू. खोलीतून कोण बाहेर गेलं?

पानगळ

अलीकडचंच बोलणं लिहिलं तर माझा आक्षेप बराच कमी होतो, पूर्ण जात नाही. "बाबा इथेच आहेत" हे वाक्य चांगलं आहे हे मान्य. पण त्याने पाहिलंय हे आता ठरलंय, मग फोन कुणी उचलायचा? तिने उचलला तर ती दुसऱ्यांदा खोटं बोलते, म्हणजे पिनेचाच प्रसंग परत. त्याने उचलला आणि तोच म्हणाला, "काही नाही रे, गोळ्या बदलल्यात," तर?

चौकट

त्याने उचलावा. शंभर टक्के.

विंगेतून

पानगळ, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. खोटं त्याच्या तोंडी गेलं की ती मान वळवून त्याच्याकडे बघेल. मी म्हटलं होतं की एकदाच कुणीतरी वळावं. मी तो वळेल असं धरलं होतं. वळायला हवं तिने.

अबोली

आज तिसरा खर्डा पूर्ण झाला. १,९०० शब्द. लग्नाच्या ४०० शब्दांतले ६० राहिले, रानवारा यांच्या आग्रहाखातर ते फुकट ठेवलेत. त्या आठवणीतून ती परत येते तेव्हा खोलीत काहीही बदललेलं नाही. वाचून बघितलं, मला तिथे श्वास घ्यायला जागा मिळाल्यासारखी वाटली. विंगेतून, तुम्हाला कदाचित ते कापावंसं वाटेल.

फोन त्याने उचललाय. शेवट असा आहे: गाडीची घोषणा होते, दोघं उठतात, मुलगी वायर काढते, तो पिशवी घेतो. ती मूठ उघडते, पिन बाकाच्या फटीत सोडते आणि त्याच्या मागून दाराकडे निघते. दारापर्यंतच, बाहेर नाही.

विंगेतून

ते ६० शब्द वाचल्याशिवाय काही म्हणत नाही. पिनेबद्दल एक विचारतो. ती फटीत सोडते तेव्हा तो तिच्या पुढे आहे, त्याला दिसत नाही. पण ती मुलगी अजून वायर गुंडाळत तिथेच आहे. तिला दिसतं का?

अबोली

नकाशावर तिचं नाणं बाकाच्या अगदी टोकाला आहे. दिसू शकतं. रात्री परत बसून बघते.